इन्फिक्स ते पोस्टफिक्स: हाताने ३० येतंय, प्रोग्राम ५४ म्हणतोय

अर्धा_कप_चहा

नमस्कार मंडळी, बी.एस्सी. कॉम्प्युटर सेकंड इयरला आहे. प्रॅक्टिकलला स्टॅक वापरून इन्फिक्सचं पोस्टफिक्स करायचं आणि मग ते सोडवून उत्तर काढायचं असं दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये हवंय. सरांनी हे दिलंय:

```
50 - 8 - (4 + 2) * 2 ^ 3 / 4
```

`^` म्हणजे घात. वहीत केलं तर कंस ६, घात ८, सहा आठे अठ्ठेचाळीस, भागिले चार बारा, आणि ५० मधून ८ गेले ४२, त्यातून १२ गेले ३०. माझा प्रोग्राम ५४ देतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, निवांत ५४. सरांना दाखवलं तर म्हणाले "शोध की". दोन दिवस शोधतेय. कंस काढून बघितला, घात काढून बघितला, छोटी छोटी गणितं बरोबर येतात, म्हणजे `4 + 2 * 3` वगैरे. हे आलं की घोळ. कोणी सांगेल का कुठे बघू?

सांगकाम्या

हे तर सगळ्यांचं होतं. सोडवताना स्टॅकमधून दोन आकडे काढतेस ना, ते उलटे लागलेत. आधी बाहेर येतो तो उजवीकडचा असतो आणि नंतरचा डावीकडचा. बेरीज गुणाकाराला फरक पडत नाही म्हणून छोटी गणितं बरोबर येतायत, वजाबाकी आली की बोंब. शंभर टक्के हेच आहे, ती ओळ बदल आणि मजा कर.

अर्धा_कप_चहा

दादा ते आधीच बघितलं. `b = pop(); a = pop();` आणि मग `a - b` असंच आहे.

गोधडी

सांगकाम्या, नियम बरोबर सांगितलास पण इथे तो आजार नाही, आणि ते कोड न बघताही कळतं. आकडे उलटे लागले असते तर काय आलं असतं ते काढून बघ. ५० आणि ८ चं झालं असतं ८ वजा ५० म्हणजे उणे ४२. २ आणि ३ चा घात झाला असता ३ चा वर्ग, ९. सहा नव्वे चोपन्न. मग भागाकार उलटा, ४ भागिले ५४, इंटिजरमध्ये शून्य. शेवटी शून्य वजा उणे ४२, उत्तर ४२. म्हणजे स्क्रीनवर ४२ दिसलं असतं तर मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते. (मधे एक चोपन्न येऊन गेलं खरं, पण तो योगायोग, शेवटी टिकला नाही.)

हिचं ५४ आहे. तेव्हा चहाबाई, आता दोन गोष्टी टाक. एक, तुझ्या प्रोग्रामने तयार केलेलं पोस्टफिक्स जसंच्या तसं. उत्तर नको, मधलं पोस्टफिक्स. ते प्रिंट करत नसशील तर आधी ते कर, कारण हे दोन वेगळे प्रोग्राम एकमेकांना चिकटवलेले आहेत आणि चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते त्याशिवाय कळणार नाही. दुसरं, चिन्ह आल्यावर स्टॅकमधून काढण्याचा जो `while` आहे ती ओळ.

अर्धा_कप_चहा

ताई पोस्टफिक्स हे येतंय:

```
50 8 4 2 + 2 3 ^ 4 / * - -
```

आणि ओळ ही. `prec` मध्ये `^` ला ३, `*` `/` ला २, `+` `-` ला १ आणि `(` ला ० दिलंय.

```c
while (top >= 0 && prec(st[top]) > prec(ch))
    emit(st[top--]);
push(ch);
```

गोधडी

सापडलं. शेवटचे दोन उणे बघ, `- -`, एकमेकांना चिकटून बसलेत. हे पोस्टफिक्स सोडवलं तर शेवटी स्टॅकमध्ये तळाशी ५०, त्यावर ८, त्यावर १२ असतात. पहिला उणे ८ मधून १२ वजा करतो, उणे ४. दुसरा ५० मधून उणे ४ वजा करतो, ५४. म्हणजे तुझा सोडवणारा भाग अगदी शहाणा आहे, त्याला जे दिलं ते त्याने बरोबर सोडवलं. त्याला दिलेलं गणितच `50 - (8 - 12)` होतं.

आता असं का झालं. पहिला `-` स्टॅकमध्ये बसलाय आणि दुसरा `-` दारात आलाय. दोघांचं वजन १. तुझी अट म्हणते आतला जड असेल तरच बाहेर काढ, सारखा असेल तर राहू दे. मग दुसरा पहिल्याच्या डोक्यावर बसला, आणि स्टॅकमध्ये डोक्यावरचा आधी बाहेर येतो, म्हणजे उजवीकडची वजाबाकी आधी झाली. आपण वजाबाकी डावीकडून करत येतो. तेव्हा सारख्या वजनाचा आत असेल तर त्याचा नंबर आधी, त्याला बाहेर काढायचं आणि मग नव्याला आत घ्यायचं.

गंमत म्हणजे हीच चूक तुझ्या गणितात दोनदा झालीय आणि एकदाच दिसली. `*` आणि `/` बघ, तेही सारख्या वजनाचे, तिथेही `4 / *` असा क्रम आलाय, म्हणजे ६ गुणिले (८ भागिले ४). ६ दुणे १२. बरोबर क्रमानेही ४८ भागिले ४ बाराच, म्हणून चूक झाकली गेली. शेवटच्या ४ च्या जागी ५ ठेव. बरोबर क्रमाने ४८ भागिले ५, इंटिजरमध्ये ९. तुझ्या क्रमाने ८ भागिले ५ म्हणजे १, गुणिले ६, सहा. सरांनी ४ दिला म्हणून अर्धी चूक लपली, आणि तू छोटी गणितं करून बघत होतीस त्यात तर सारख्या वजनाची दोन चिन्हं एकत्र आलीच नसणार.

सांगकाम्या

म्हणजे `>` चं `>=` करायचं, एक कॅरेक्टर. ठीक आहे माझा पहिला अंदाज चुकला पण आता तरी झालं. सगळीकडे `>=` टाक.

अर्धा_कप_चहा

केलं आणि ३० आलं!!! दोन दिवस गेले एका बरोबरच्या चिन्हापायी 😭

गोधडी

थांब, फटाके नको लावू अजून. `2 ^ 3 ^ 2` टाकून बघ.

अर्धा_कप_चहा

६४.

गोधडी

वहीत घातावर घात लिहितेस तेव्हा वरून सोडवतेस ना, आधी ३ चा वर्ग ९, मग २ चा नववा घात ५१२. घाताचं उलटं आहे, तो उजवीकडून जातो, म्हणून `^` आत असताना दुसरा `^` आला तर आतल्याला काढायचं नाही, डोक्यावर बसू द्यायचं. सांगकाम्याने सरसकट `>=` केलं त्यामुळे वजाबाकी सुधारली आणि घात बिघडला. तुझ्या मूळ गणितात एकच `^` आहे म्हणून ३० आलं. तुझा जुना `>` खरं तर फक्त घातासाठी बरोबर होता.

```c
while (top >= 0 && st[top] != '(' &&
       (prec(st[top]) > prec(ch) ||
        (prec(st[top]) == prec(ch) && ch != '^')))
    emit(st[top--]);
push(ch);
```

`(` ची अट वेगळी लिहिलीय. तू त्याला ० वजन दिलंस त्यानेही भागतं, पण पुढेमागे कोणी टेबलात हात घातला तर कंस पोस्टफिक्समध्ये छापून येतो. ती शोधायला सोपी चूक आहे म्हणा, पोस्टफिक्समध्ये कंस दिसला की समजायचं.

सांगकाम्या

एक मिनिट ताई, एक्सेलमध्ये `=2^3^2` टाका, ६४ येतं. आत्ता बघितलं. मग एक्सेल पण चुकीचं का?

गोधडी

एक्सेल ६४ देतं हे खरं आहे आणि पायथॉनमध्ये `2**3**2` ५१२ देतं हेही खरं. एक्सेलने डावीकडून धरलंय. चूक-बरोबरपेक्षा त्यांनी ठरवलंय तसं. वहीतली रीत आणि डेटा स्ट्रक्चरच्या पुस्तकांतली रीत उजवीकडची आहे, म्हणून प्रॅक्टिकलला ५१२. पण तू एक्सेलची नक्कल लिहीत असशील तर तुझं सरसकट `>=` चालेल, तेवढं मान्य.

परीक्षा_उद्या

नमस्कार. हाच प्रश्न आम्हाला थिअरीला आहे, कोड नको, टेबल पाहिजे, तीन कॉलमचं. कोणी या गणिताचं भरून टाकेल का? आणि प्रीफिक्ससाठी हेच टेबल उलटं वाचलं की झालं का?

गोधडी

कॉपी करण्याआधी एकदा स्वतः भर, मग जुळव. स्टॅकचा तळ डावीकडे धरलाय.

```
टोकन    स्टॅक      आउटपुट
50                 50
-       -          50
8       -          50 8
-       -          50 8 -
(       - (        50 8 -
4       - (        50 8 - 4
+       - ( +      50 8 - 4
2       - ( +      50 8 - 4 2
)       -          50 8 - 4 2 +
*       - *        50 8 - 4 2 +
2       - *        50 8 - 4 2 + 2
^       - * ^      50 8 - 4 2 + 2
3       - * ^      50 8 - 4 2 + 2 3
/       - /        50 8 - 4 2 + 2 3 ^ *
4       - /        50 8 - 4 2 + 2 3 ^ * 4
शेवट               50 8 - 4 2 + 2 3 ^ * 4 / -
```

दोनच ओळींवर थांब. चौथी ओळ, स्टॅक आधी `-` होता आणि नंतरही `-` आहे, पण तो तोच नाही, जुना बाहेर पडून आउटपुटला गेला आणि नवा आत बसला. पोरं इथे काही झालंच नाही असं समजून पुढे जातात. आणि `/` ची ओळ, तिथे एका दमात दोघं बाहेर पडतात, `^` जड म्हणून आणि `*` सारख्या वजनाचा पण आधी आलेला म्हणून, तळातला `-` हलका म्हणून राहतो. आकडे मात्र मूळ गणितात जसे ओळीने होते तसेच आउटपुटला ओळीने आहेत, ५० ८ ४ २ २ ३ ४. त्यांचा क्रम बदललेला दिसला तर टेबल चुकलं.

प्रीफिक्स नुसतं उलटं वाचून होत नाही. गणित उजवीकडून वाचत जायचं आणि तिथे सारख्या वजनाचा नियमही फिरतो, वेगळा धागा काढ.

लूपलाइन

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, मुलीने ही लिंक दाखवली कारण या प्रकाराला शंटिंग यार्ड म्हणतात म्हणे आणि माझी सगळी नोकरी दौंड यार्डात गेली. हे खरंच आमच्या यार्डावरून आहे का?

गोधडी

काका, तुमच्या दौंडवरून नाही पण रेल्वे यार्डावरूनच. डाइक्स्ट्रा नावाचे डच गृहस्थ, ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेत होते, त्यांनी १९६१ च्या एका अहवालात ही पद्धत मांडली, अल्गोल भाषेचा ट्रान्सलेटर बनवताना. त्यावरून ते नाव.

लूपलाइन

मग वरचं टेबल मला समजलं असं वाटतंय, चुकलो तर सांगा. आकडे म्हणजे थेट मेन लाइनने निघून जाणाऱ्या वाघिणी. चिन्हं सायडिंगला घ्यायची. सायडिंग एका टोकाला बंद, त्यामुळे शेवटची आत गेलेली आधी बाहेर काढावी लागते, मधली काढता येत नाही. नवी वाघीण सायडिंगला घ्यायच्या आधी तोंडाशी कोण उभी आहे बघायचं, तिचा नंबर आधीचा असेल तर तिला मेन लाइनला सोडायचं आणि मगच नवी आत. बरोबर? पण मग तो कंस काय आहे?

गोधडी

काका तुम्ही कॉलेजात शिकवायला या. कंस म्हणजे सायडिंगमध्ये मधेच ठोकलेला बफर समजा. `(` आला की बफर ठोकला, आता त्याच्या मागच्यांना हात लावायचा नाही. `)` आला की बफरपर्यंतच्या सगळ्या बाहेर आणि बफरही उपटून टाकायचा, तो गाडीला जोडायचा नाही.

लूपलाइन

असा बफर प्रत्यक्षात कोणी मधे ठोकला असता तर आम्ही सस्पेंड झालो असतो. पण समजलं.

हिशेबनीस

कोड मला येत नाही पण पोस्टफिक्स मी रोज बोटांनी करतो, एचपी-१२सी कॅल्क्युलेटर, बॉन्डचे हिशेब. त्यावर बरोबरचं बटणच नाही. ५०, एंटर, ८, उणे, असंच दाबायचं. ताईंचं बरोबर पोस्टफिक्स त्या क्रमाने दाबलं, ३० आलं. मग गंमत म्हणून चहाताईंचं चुकीचं दाबलं, तर ५४ नाही आलं. १२ आलं! दोनदा दाबलं, दोन्ही वेळा १२. मशीन म्हातारं झालं की काय?

गोधडी

वा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मशीन ठणठणीत आहे. तुमच्या कॅल्क्युलेटरचा स्टॅक चारच मजल्यांचा आहे. बरोबर पोस्टफिक्स सोडवताना सर्वात जास्त गर्दी `3` आल्यावर होते, ४२ ६ २ ३, बरोब्बर चार. चुकीच्या क्रमात पहिली वजाबाकी रखडते, त्यामुळे त्याच जागी ५० ८ ६ २ ३ असे पाच साठतात आणि तळातले ५० ढकलले जाऊन पडतात. शिवाय हे मशीन तळ रिकामा पडला की शेवटच्या मजल्यावरच्या आकड्याची कॉपी खाली उतरवत राहतं, तुमच्या बाबतीत ८ ची. म्हणून शेवटी ५० वजा उणे ४ च्या जागी ८ वजा उणे ४ झालं. बारा.

चहा, तुझ्या ॲरेत शंभर जागा असतील त्यामुळे तुला हे कधी दिसणार नाही, पण डावीकडून सोडवत गेलं की स्टॅक उथळ राहतो हा नियमाचा वरकड फायदा.

अर्धा_कप_चहा

बापरे. आता माझ्या बॅचमधल्या दोघींनी पण हा धागा बघितला. एकीचं ४१ येतंय आणि एकीचं उणे २०. सगळ्यांचं गणित तेच.

सांगकाम्या

४१ मी सांगतो, या वेळी नक्की. तिने सी मध्ये `case '^': return a ^ b;` लिहिलं असणार. सी मध्ये ते घात नाही, एक्सॉर आहे, २ आणि ३ चं एक्सॉर १. सहा एके सहा, भागिले ४ इंटिजरमध्ये १, ४२ मधून १ गेला ४१. गुणाकाराचा लूप लिहायला सांग.

गोधडी

शाब्बास, अगदी तेच. आणि उणे २० वाली एकेक कॅरेक्टर वाचतेय. तिच्यासाठी ५० म्हणजे ५ आणि ० असे दोन आकडे. मग ० वजा ८ उणे ८, त्यातून १२ गेले उणे २०, आणि ५ बिचारा तळाशी तसाच पडून. तिला सांग उत्तर छापायच्या आधी स्टॅकमध्ये नेमका एकच आकडा उरलाय का ते तपास, दोन उरले की ओरडायचं. आणि पोस्टफिक्समध्ये आकड्यांमध्ये स्पेस टाकायची. `508-` असं चिकटवलं की ते ५०८ आहे का ५० आणि ८ हे देवालाही कळणार नाही.

परीक्षा_उद्या

`50 - -8` आलं तर? आमच्या गेल्या वर्षीच्या पेपरला असं काहीतरी होतं असं सिनियर म्हणत होते.

गोधडी

वरचा कोड त्यावर आपटतो. दुसरा `-` पहिल्याला बाहेर काढतो, पोस्टफिक्स होतं `50 - 8 -`, आणि सोडवताना पहिल्याच `-` ला दोन आकडे हवेत पण आत एकटा ५०. `pop` मध्ये रिकाम्याची तपासणी नसेल तर ॲरेच्या बाहेरचं काहीतरी उचलून आणतो आणि दर वेळी वेगळं उत्तरही येऊ शकतं. उपाय असा की गणिताच्या सुरुवातीला, `(` नंतर किंवा दुसऱ्या चिन्हानंतर आलेला `-` हा वजाबाकी नाही, नुसतं उणे आहे, त्याला `~` असं वेगळं चिन्ह द्यायचं आणि तो आत येताना कोणालाच बाहेर काढत नाही. सोडवताना तो एकच आकडा घेतो.

अर्धा_कप_चहा

आणि `~` ला वजन किती द्यायचं? `^` पेक्षा जास्त का कमी?

गोधडी

मी कमी देते, म्हणजे `-2 ^ 2` चं उणे ४. वहीतही तसंच वाचतो, पायथॉनही तसंच करतं.

सांगकाम्या

एक्सेलमध्ये `=-2^2` टाकलं, ४ येतंय. अधिक ४.

हिशेबनीस

माझ्या ऑफिसात सगळं एक्सेलवर चालतं, मला तर अधिक ४ च बरोबर वाटतं.

अर्धा_कप_चहा

आता सरांना विचारते. "शोध की" म्हणाले तर परत येते.